सात भोकं, नऊ तसबिरी

जुन्या मराठी घरांतल्या तसबिरी भिंतीला सरळ टेकलेल्या नसत. दाराच्या वर, तुळईच्या जवळ, त्या पुढे झुकून खोलीकडे पाहत असायच्या. आजोबा-पणजोबांचे फोटो, रविवर्म्याच्या छापखान्यातून आलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं, कुणाच्या तरी लग्नातला सामूहिक फोटो, सगळे एका रांगेत. फ्रेमच्या मागे तिरपी पोकळी राहायची आणि तीत चिमण्या घरटं करायच्या. दुपारी काड्या आणि कापूस खाली पडला की घरातली बाई कपाळाला हात लावायची, पण घरटं काही कोणी काढत नसे.

तसबीर अशी झुके, कारण तिची दोरी मागच्या बाजूला, वरच्या कडेपासून बरीच खाली बांधलेली असे. काच आणि लाकूड यांचं वजन पुढे, दोरीची पकड मागे. त्यामुळे वरचा भाग भिंतीपासून सुटतो आणि खालची कड भिंतीला टेकते. दोरी जितकी खाली बांधावी तितका झुकाव जास्त. उंचावर लावलेलं चित्र खाली उभ्या माणसाला नीट दिसावं म्हणून हा झुकाव सोयीचाच होता. खिळे बहुधा वाड्याच्या लाकडी सांगाड्यात, खांबात किंवा तुळईत बसत. लाकडात खिळा सहज जातो आणि काढला तरी फारसं बिघडत नाही.

विटांच्या भिंतीचं तसं नाही. आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुणी हौसेने आठ-दहा फ्रेम करून आणतं, हातोडी घेऊन पोलादी खिळा ठोकायला लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला प्लॅस्टरचा रुपयाएवढा पोपडा खाली येतो. मग बाजूला दुसरा खिळा, त्याच्या बाजूला तिसरा. शेवटी चित्र जिथे हवं होतं तिथे लागतच नाही. जिथे खिळा टिकला तिथेच ते लागतं.

ही अडचण इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वीच लोकांच्या नीट लक्षात आली होती. व्हिक्टोरियन काळातल्या घरांत छताच्या थोडं खाली, खोलीच्या चारही बाजूंनी एक लाकडी पट्टी फिरवलेली असे. तिला पिक्चर रेल म्हणतात. तिची वरची कड गोलसर आणि भिंतीपासून किंचित सुटी असते. त्या कडेवर इंग्रजी एस अक्षरासारखा वळवलेला पितळी हूक अडकवायचा, हुकातून साखळी किंवा तार खाली सोडायची आणि तारेला चित्र टांगायचं. प्लॅस्टरला हात लागत नाही. चित्र डावी-उजवीकडे सरकवायचं तर हूक सरकवायचा, खाली-वर करायचं तर तार कमी-जास्त करायची. पुढे छतं बुटकी झाली, तारा दिसू नयेत असं लोकांना वाटू लागलं आणि पट्टी घरांतून हळूहळू नाहीशी झाली. कलादालनांनी मात्र ही युक्ती सोडली नाही. तिथे दर प्रदर्शनाला चित्रं बदलतात, आणि दर वेळी भिंत बुजवून रंगवायची तर खर्चही वाढतो आणि वेळही जातो.

आजची रेल बहुधा अॅल्युमिनियमची असते. बोटाएवढ्या रुंदीची, आतून पोकळ, एका बाजूला खाच असलेली पट्टी. तारेचं टोक खाचेत अडकवलं की ते तिथेच धरून राहतं. तार दोन प्रकारची मिळते, पारदर्शक नायलॉनची किंवा बारीक पिळाच्या स्टेनलेस स्टीलची. नायलॉनची तार दुरून दिसत नाही, पण वजनाने थोडी ताणते. त्यामुळे पहिल्या दिवशी समपातळीत लावलेली चित्रं आठवड्याभरात खाली-वर झालेली दिसतात आणि पुन्हा सारखी करावी लागतात. स्टीलची तार ताणत नाही, पण पांढऱ्या भिंतीवर तिची रेघ उठून दिसते. जड चित्रांना स्टील, हलक्या चित्रांना नायलॉन, असा साधा विचार पुरतो. तारेवर खाली-वर सरकणारा एक छोटा हूक असतो. तो आत बसवलेल्या कळीमुळे वजन पडलं की तारेला घट्ट चावतो, आणि कळ दाबली की सुटतो. चित्र याच हुकावर बसतं.

इथे सगळं वजन छताजवळच्या एका आडव्या रेषेवर जातं. म्हणून ती रेषा भिंतीत कशी रोवली आहे यावर बाकीचं सगळं ठरतं.

आपल्याकडच्या भिंतीत साधारण तीन गोष्टी असतात. बाहेरच्या बाजूला बारा-पंधरा मिलिमीटर जाडीचं सिमेंटचं प्लॅस्टर, आत वीट, आणि दोन विटांच्या मधली दरज. छताखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा बीमही असतो. भिंत नऊ इंची असेल तर हा बीम बऱ्याचदा भिंतीच्याच पातळीत असतो आणि रंगाखाली दिसत नाही. ड्रिल कशात शिरतंय हे कळण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बाहेर पडणारी भुकटी. आधी राखाडी भुकटी येते, ते प्लॅस्टर. मग लाल किंवा विटकरी भुकटी आली की वीट लागली. भुकटी राखाडीच राहिली आणि ड्रिल सहज आत गेलं तर बिट दरजेत शिरलं आहे. राखाडीच राहिली आणि ड्रिल पुढे सरकेनासं झालं तर तो बीम. नव्या इमारतींत कधी कधी पांढरी, हलकी भुकटी येते. तिथे वीट नाहीच, ते हलके सिमेंटचे ब्लॉक आहेत. त्यांत ड्रिलचा ठोक्याचा मोड बंद ठेवावा लागतो, नाहीतर भोक मोठं होतं, आणि नेहमीपेक्षा लांब स्क्रू आणि लांब प्लग घ्यावे लागतात.

भुकटीआधी एक कानाची परीक्षा आहे. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करावी. भरीव आवाज आला तर प्लॅस्टर विटेला धरून आहे. पोकळ आवाज आला तर ते मागून सुटलेलं आहे आणि ठोक्याच्या पहिल्याच धक्क्याला तुकडा येणार. गवंडी अशा जागेला ‘पोकळ बोलते’ म्हणतात आणि तिथे हात लावत नाहीत.

वीट आणि दरज यांत निवड करायची वेळ येते ती उघड्या विटांच्या भिंतीवर. प्लॅस्टर नसलेली, दरजा भरलेली लाल भिंत हल्ली मुद्दाम ठेवली जाते. तिथे बरेच जण सांगतात की भोक दरजेतच पाडा, कारण दरज पुन्हा भरता येते आणि फुटलेली वीट बदलता येत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धंच. सिमेंटची घट्ट दरज असेल तर ठीक. जुन्या चुन्याच्या बांधकामात दरज इतकी मऊ असते की प्लग आवळताना आतल्या आत फिरतो आणि चुना पिठासारखा बाहेर येतो. अशा भिंतीत भाजलेली, न तडकलेली वीट हीच खरी पकड देते. भोक विटेच्या मधोमध घ्यावं, कडेजवळ नको, कारण कड तुटते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर जितकी कमी भोकं तितकं बरं. नऊ चित्रांसाठी नऊ वेगवेगळ्या जागी दरज ढिली करण्यापेक्षा वर एका ओळीत निवडून काढलेल्या विटा वापरणं केव्हाही हिताचं.

आता प्लग. हार्डवेअरच्या दुकानात कुणी त्याला गिट्टी म्हणतं, कुणी रॉल प्लग. हे दुसरं नाव जॉन जोसेफ रॉलिंग्स या इंग्रज कंत्राटदाराच्या आडनावावरून आलं आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना इजा न करता विजेची उपकरणं बसवायची होती. त्यातून त्याने तागाच्या धाग्यांचा एक प्लग तयार केला आणि १९११ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे जी वस्तू आज प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत असते ती मुळात जुन्या भिंती वाचवण्यासाठीच जन्मली. पुढे १९५८ मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर याने नायलॉनचा प्लग काढला. स्क्रू आवळला की तो दोन बाजूंना फाकतो आणि भोकाच्या भिंतीला दाबून धरतो. ‘फिशर’ हा शब्द दुकानात ऐकू येतो तो त्यावरून.

प्लगची पकड कुठे हवी हे नीट समजून घेतलं तर निम्म्या चुका टळतात. प्लग साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असतो. तो भिंतीच्या पृष्ठभागाशी समपातळीत बसवला तर त्याचा जवळजवळ अर्धा भाग प्लॅस्टरमध्येच राहतो. प्लॅस्टर फाकणाऱ्या प्लगचा दाब सहन करत नाही. बारीक चिरा पडतात आणि काही महिन्यांनी स्क्रू हलायला लागतो. म्हणून भोक पाच-साडेपाच सेंटिमीटर खोल घ्यावं, आतली भुकटी फुंकून किंवा जुन्या टूथब्रशने काढावी आणि प्लग एखाद्या खिळ्याच्या मागच्या टोकाने आत ढकलून प्लॅस्टरच्या पलीकडे, पूर्ण विटेत न्यावा. स्क्रू त्या हिशोबाने पन्नास मिलिमीटरचा किंवा थोडा लांबच घ्यावा. प्लग सहा मिलिमीटरचा असेल तर बिटही सहाचंच. ‘थोडं मोठं चालेल’ म्हणून सातचं किंवा आठचं वापरलं की प्लग आत फिरत राहतो. भुकटी न काढता प्लग ठोकला तर तो शेवटपर्यंत जातच नाही. बाहेर उरलेलं टोक कापावं लागलं तर भोक कमी खोल आहे असं समजावं आणि पुन्हा पाडावं.

ड्रिल सुरू करताना प्लॅस्टर संपेपर्यंत ठोक्याचा मोड बंद ठेवला तर पोपडा उडत नाही. भोकाच्या जागी कागदी चिकटपट्टी लावली तर रंगही तुटत नाही. आणि ज्या भिंतीवर स्विचबोर्ड आहे तिथे बोर्डाच्या सरळ वरच्या उभ्या पट्ट्यात भोक पाडू नये, कारण वायरचा पाइप बहुधा त्याच रेषेत स्लॅबकडून खाली आलेला असतो. भिंतीच्या वरच्या भागात जंक्शन बॉक्सचं गोल झाकण दिसत असेल तर त्याच्या आडव्या-उभ्या रेषाही टाळाव्यात.

आता एक भिंत प्रत्यक्ष उभी करून पाहू. दिवाणखान्याची बारा फुटी भिंत, नऊ इंची विटांची, खाली सोफा. लावायच्या आहेत नऊ फ्रेम. तीन मोठ्या, साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या. चार मध्यम, चाळीस बाय तीसच्या. दोन लहान, तीस बाय वीसच्या. आधी वजन. काच दोन मिलिमीटर जाडीची असेल तर चौरस मीटरला पाच किलो भरते. मोठ्या फ्रेमची काच एकटीच सुमारे एक किलो साडेतीनशे ग्रॅमची, त्यात मागचा एमडीएफ आणि लाकडी चौकट धरली की साधारण तीन किलो. मध्यम दीड किलोची, लहान सातशे ग्रॅमची. सगळ्या मिळून साडेसोळा किलोच्या आसपास. घरातल्या वजनकाट्यावर एक-एक फ्रेम ठेवून हे खरं करून घ्यावं, कारण काच तीन मिलिमीटरची निघाली तर हिशोब बदलतो.

तीन मीटरची रेल घेतली. दोन्ही टोकांपासून दहा सेंटिमीटर आत पहिला आणि शेवटचा स्क्रू, आणि मधल्या दोनशे ऐंशी सेंटिमीटरमध्ये आणखी पाच. म्हणजे सात स्क्रू, प्रत्येक दोघांमध्ये सुमारे सत्तेचाळीस सेंटिमीटर. साडेसोळा किलो सात स्क्रूंवर वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच किलोही येत नाही. विटेत नीट बसलेल्या प्लगला हे वजन म्हणजे काहीच नाही. घरगुती रेलवर मीटरला वीस किलो किंवा त्याहून जास्त अशी मर्यादा बहुधा लिहिलेली असते. इथे मीटरला साडेपाच किलोच पडतात.

एवढी सुरक्षितता उरते याचं एक कारण तार सरळ खाली येते हेही आहे. फ्रेमच्या मागे दोन कड्यांमध्ये तार बांधून ती एका खिळ्यावर टांगण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात तारेवरचा ताण चित्राच्या वजनापेक्षा कितीतरी वाढू शकतो. दोन माणसांनी दोरीच्या मध्यावर भरलेली बादली टांगून धरली आहे असं समजा. दोरी सैल असेल, बादली खाली लोंबत असेल तर हाताला ताण कमी. दोघं लांब सरकून दोरी आडवी करायला लागले की हात दुखायला लागतात, आणि पूर्ण आडवी तर ती कधीच होत नाही. तारेचंही तेच. तीन किलोच्या चित्राच्या तारेने आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन केला तर प्रत्येक बाजूला ताण तीन किलोचा. साठ अंशांचा केला तर पावणेदोन किलोच्या आसपास. पण तार घट्ट ओढून कोन दहा अंशांवर आणला तर ताण साडेआठ किलोंच्या वर जातो. कड्या एकमेकींपासून चाळीस सेंटिमीटरवर असतील तर तीस अंशांसाठी तारेचा मधला भाग कड्यांच्या रेषेपासून साडेअकरा सेंटिमीटर वर उचलला जायला हवा. दहा अंशांवर तो साडेतीनच उचलला जातो. बरेच जण तार दिसू नये म्हणून ती ताणून बांधतात आणि एखाद्या वर्षी कड्यांचे छोटे स्क्रू चौकटीच्या लाकडातून उपटून येतात. रेलवरून दोन तारा थेट दोन कड्यांवर सोडल्या की हा कोनच उरत नाही. ताण प्रत्येक बाजूला फक्त निम्म्या वजनाचा. शिवाय दोन ठिकाणी धरलेलं चित्र झाडताना किंवा दार आपटल्याने वाकडं होत नाही.

मांडणी उभ्या रकान्यांत विचारात घ्यावी लागते, कारण तारा उभ्याच येतात. त्या नऊ फ्रेमचे पाच रकाने करता येतात. मधे एक मोठी फ्रेम उभी धरून, पंचेचाळीस रुंद आणि साठ उंच. तिच्या दोन्ही बाजूंना साठ रुंदीचा एक-एक रकाना. डावीकडे मोठी वर आणि लहान खाली, उजवीकडे लहान वर आणि मोठी खाली. दोन्ही टोकांना चाळीस रुंदीचा एक-एक रकाना, प्रत्येकात दोन-दोन मध्यम फ्रेम एकाखाली एक. सगळीकडे सहा सेंटिमीटरचं अंतर. रुंदी मोजली तर चाळीस, साठ, पंचेचाळीस, साठ, चाळीस आणि चार मोकळ्या जागा, एकूण दोनशे एकोणसत्तर सेंटिमीटर. तीन मीटरच्या रेलखाली हे दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर सोडून बसतं. संपूर्ण मांडणीचा मध्य जमिनीपासून दीडशे सेंटिमीटरवर ठेवला तर उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो, आणि सगळ्यात खालची कड एकशे चौदावर येते. सोफ्याच्या पाठीपासून चांगलं वीतभर अंतर उरतं.

प्रत्येक रकान्याला दोन तारा, म्हणजे एकूण दहा. मोठ्या आणि लहान फ्रेमच्या रकान्यात त्या एकमेकींपासून चोवीस सेंटिमीटरवर सोडाव्यात, म्हणजे त्याच दोन तारा साठ सेंटिमीटर रुंद फ्रेमलाही चालतात आणि तीस सेंटिमीटर रुंद फ्रेमलाही. वरच्या फ्रेमच्या मागून तार तशीच पुढे खालच्या फ्रेमपर्यंत जाते, त्यामुळे ती मधल्या सहा सेंटिमीटरच्या फटीतच दिसते. त्यासाठी मागच्या कड्याही सर्व फ्रेमच्या त्याच अंतरावर लावून घ्याव्या लागतात. फ्रेमवाल्याला आधीच सांगितलं तर तो आनंदाने करतो. नंतर बदलायच्या तर लाकडात जुनी भोकं राहतात.

हे सगळं आधी जमिनीवर वर्तमानपत्र कापून मांडावं. कागदाचे नऊ तुकडे अर्ध्या तासात पुढेमागे होतात. काचेच्या फ्रेम पायाजवळ मांडून सरकवत बसणं धोक्याचं. मांडणी पक्की झाली की तोच कागद भिंतीला चिकटपट्टीने लावून सोफ्यावर बसून पाहावा.

रेल लावताना पाणसळ घ्यायची, पण तिच्यावर आंधळेपणाने चालायचं नाही. जुन्या-नव्या कित्येक इमारतींत छत एका टोकाला एखादा सेंटिमीटर उतरतं असतं. रेल छताला लागून आणि बिनचूक समपातळीत लावली तर रेल आणि छत यांच्यातली फट एकीकडे उघडत जाते आणि तीच डोळ्यात भरते. रेल छताला समांतर लावली तरी चालतं, कारण चित्रं तारेवर खाली-वर सरकवून वेगळी समपातळीत आणता येतात. खिळ्यांच्या पद्धतीत ही सवलत नसते. छतापासून बरीच खाली, बीमच्या खालच्या विटांवर रेल लावायची असेल तर मात्र पाणसळ पाळावी.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंत ओलावते, विशेषतः पश्चिमेकडची. फ्रेम भिंतीला चिकटून असेल तर मागच्या पुठ्ठ्यावर बुरशी येते आणि मग ती चित्राच्या कडेला पिवळ्या डागांच्या रूपाने पुढे सरकते. तारेवरच्या फ्रेमचा वरचा भाग सुटा राहतो, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत मागून रबराची किंवा फेल्टची गोल चकती लावली की खालीही तीन-चार मिलिमीटर हवा खेळते. तरीही चुना फुगलेल्या किंवा हाताला गार लागणाऱ्या भिंतीवर कागदावरची चित्रं लावू नयेत. आधी ओल थांबवावी. समुद्राजवळच्या घरांत साधी बांधकामाची तार किंवा लोखंडी हूक वापरले तर दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात आणि गंजाचा ओघळ भिंतीवर उतरतो. सुतळी तर वाळवी आणि ओल दोन्हींची शिकार होते.

काही बिघडतंय हे आधी कळतं, पाहणाऱ्याने पाहिलं तर. रेलच्या वरच्या कडेला भिंतीशी नखाएवढी फट दिसू लागली की जवळचा स्क्रू सुटतो आहे. त्या स्क्रूच्या खाली, जमिनीवर किंवा सोफ्याच्या पाठीवर बारीक लाल भुकटी सापडली तर प्लग विटेत फिरतो आहे. एखादी तार हुकाजवळ केसाळ दिसली, तिचे बारीक धागे बोटाला टोचले, तर ती त्याच दिवशी बदलावी. ढिला स्क्रू पुन्हा त्याच भोकात आवळून उपयोग नसतो. प्लग काढून, भोक आठ मिलिमीटरचं करून मोठा प्लग घालावा, किंवा दोन विटा सोडून नवं भोक घ्यावं. रेल थोडी उतरवून परत लावायला पंधरा मिनिटं लागतात आणि त्यासाठी सगळ्या चित्रांना हात लावावा लागत नाही.

भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथेही सात भोकांचं बोलणं सोपं जातं. ती डोळ्यांच्या पातळीला नसून छताजवळ एका रेषेत असतात. घर सोडताना प्लग ओढून काढायचे, भोकात पुट्टी दाबून भरायची, ती वाळल्यावर सँडपेपर मारून रंगाचा एक हात द्यायचा. नंतर आलेल्या भाडेकरूला त्यांची जागाही सापडत नाही. रेल, दहा तारा आणि हूक हे सगळं मालकीचं असल्याने नव्या घरी सोबत जातं. तिथल्या भिंतीची लांबी वेगळी असली तर रेल हॅक्सॉने कापून किंवा जोडतुकडा घालून लांब करून बसवता येते.